विहिरीत सुरू होणारी गोष्ट

“हा माणूस पडतोय तरी कधीपासून?” वलीचाचांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

हर्षालीला प्रश्नच कळला नाही. टेबलापलीकडे तिच्या कथेचे कागद हातात धरून ते तिच्याकडे बघत होते, तेही अगदी गंभीर चेहऱ्यानं.

“पहिल्याच पानावर याचा पाय विहिरीत घसरला. बरोबर?” त्यांनी पानं उलटली. “आता मी पाचव्यावर आहे. मधल्या वेळात बैल जन्माला आला, मोठा झाला, शर्यतीच्या घाटात पळाला, पहिला आला, शर्यतींवर बंदी आली, धाकट्यानं बैल विकला, थोरल्यानं बोलणं टाकलं. आणि हा अजून पाण्याला लागला नाही. एवढी खोल विहीर जुन्नर तालुक्यात कुठं आहे, मला दाखव बेटा.”

मागे कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका लावत बसलेली त्यांची लेक झेबा खुदकन हसली. हर्षालीचे कान तापले.

“तुम्हीच म्हणाला होतात, मधूनच सुरू कर म्हणून.”

“म्हणालो होतो.”

ते खरंच म्हणाले होते. वलीचाचांचा जुन्नरला छोटा छापखाना. वर्षभर पत्रिका, पावती पुस्तकं, शाळांची प्रगतिपुस्तकं. आणि दिवाळीला एक अंक, स्वतःच्या हौसेनं काढलेला. गेल्या वर्षी त्यांनी हर्षालीची एक कथा छापली होती. तेव्हापासून वारूळवाडीच्या रोपवाटिकेतलं ऑफिस सुटलं की शनिवारी ती स्कूटीवरून इथं यायची. यंदाची कथा घरातलीच होती. तिचे वडील भगवंत गावी, डिंगोऱ्याला, सामाईक विहिरीत पडले होते आणि ज्या भावाशी बोलणं नव्हतं त्यानंच त्यांना वर काढलं होतं. पहिल्या खर्ड्यात तिनं गावापासून सुरुवात केली होती. आजोबांपर्यंत, तिथून गोठ्यापर्यंत, असं करत करत सहाव्या पानावर माणूस विहिरीत पडला. चाचांनी त्या ओळीपाशी लाल पेनानं लिहिलं होतं: ‘कथा इथं सुरू होते.’

म्हणून तिनं पडणं उचलून पुढे आणलं. आणि आधीची पाच पानं कुठं ठेवायची म्हणून ‘पडता पडता त्याला सारं आठवू लागलं’ असं लिहून तिथंच घातली.

“बघ,” चाचा म्हणाले, “वाचकाला तू विहिरीच्या काठावर आणलंस. खाली माणूस बुडतोय. आणि तू त्याचा हात धरून त्याला घरात नेलंस आणि जुने फोटो दाखवत बसलीस. बैलाचा फोटो, आजोबांचा फोटो. तो बघेल का? त्याचं सगळं लक्ष विहिरीकडे.”

“मग बैलाचं सांगूच नको?” ती जरा चिडूनच म्हणाली. “बैल नसेल तर ते दोघं एकमेकांशी बोलत का नाहीत, हेच कळणार नाही.”

“सांग ना. पण वाचक विचारेल तेव्हा सांग, आणि विचारेल तेवढंच. माणूस पडला. आता त्याला काय पाहिजे? पोहता येतं का, लागलं का, कुणी ऐकलं का. बरं, कोण आलं? भाऊ आला. चला, सुटलो. पण भाऊ आला आणि याचं तोंड का उतरलं? आत्ता त्याला बैल पाहिजे. तोसुद्धा अख्खा नको, नुसती शेपटी दाखव. बाकीचा बैल तो स्वतः ओढून काढतो.”

“आणि पडला तो कोण, ते तरी सुरुवातीला सांग,” झेबा खुर्ची फिरवून म्हणाली. “मी वाचलं, मला वाटलं लहान मुलगा पडला. दोन पानं मी त्याच्या आईलाच शोधत होते.”

“तेही आहेच,” चाचा म्हणाले. “मधून सुरू करायचं म्हणजे लपवायचं नाही. कोण, कुठं, काय अडकलंय, एवढं पहिल्या दमात कळलं पाहिजे. का अडकलं, ते थांबू शकतं.”

हर्षालीनं कागद घेतले. जाताना झेबा म्हणाली, “लवकर हां. अंकाची पानं भरत आलीत.”

आठवडाभर रोपवाटिकेत दुपारचा डबा खाता खाता ती लिहीत राहिली. बाहेर टोमॅटोच्या रोपांचे ट्रे गाडीत चढत होते, शेतकरी ऑफिसच्या दारातून डोकावून “म्याडम, आमची गाडी कवा भरणार?” विचारत होते आणि ही विहिरीत होती. आठवणींची पानं तिनं काढून टाकली. धाकटा पन्नाशीचा, पाय मोडलेला, मोटारीच्या पायपाला लटकलेला, हे पहिल्याच चार ओळींत आलं. थोरला दोर धरून उतरला. आता बैल कसा आणायचा? दोन माणसं आहेत, तोंडं आहेत, बोलू देत की. तिला वाटलं, जमलं.

शनिवारी चाचांनी पहिलं पान वाचून मान हलवली, दुसरं वाचलं, आणि कागद झेबाकडे दिला. झेबानं उभं राहून, टीव्हीवरच्या मालिकेत बोलतात तसा हात उगारून मोठ्यानं वाचलं:

“‘बाळा, मी लेकीच्या बाळंतपणाला गेलो असताना तू माझ्या लाडक्या सर्जाला मला न विचारता विकलंस, आणि तेव्हापासून आपण एकमेकांशी बोलत नाही, तरीही आज मी तुला वाचवायला आलो आहे!’”

पत्रिका न्यायला आलेलं गिऱ्हाईकही हसलं. शेवटी हर्षालीलाही हसू आलं.

“हे कुणाला सांगतोय तो?” चाचा म्हणाले. “धाकट्याला माहीत आहे, बैल त्यानंच विकला. हा वाचकाला सांगतोय, धाकट्याच्या डोक्यावरून. बुडणाऱ्या माणसाला कुणी त्याचाच इतिहास ऐकवत नाही. भांडणात माणूस जुनं काढतो, नाही असं नाही. पण दगड मारावा तसं काढतो. एक शब्द, फार तर दोन. तो लागतो कारण समोरच्याला बाकीचं माहीत असतं.” मग त्यांनी साधंच विचारलं, “खरं काय बोलले ते विहिरीत?”

तोंड उघडल्यावर हर्षालीच्या लक्षात आलं, तिला माहीतच नव्हतं. ती तेव्हा पुण्यात शिकत होती. घरी आली तेव्हा वडील, अण्णा, नारायणगावच्या दवाखान्यात पायाला प्लॅस्टर घालून पडले होते, आणि तात्या म्हणजे तिचे थोरले काका दादाभाऊ ओल्या कपड्यांनी आपल्या वस्तीवर निघून गेले होते. त्यानंतरही दोघं बोलले नाहीत. गावाला याचंच नवल होतं. ही सहा-सहा पानं लिहीत होती ती बैलाची, घाटाची, बंदीची. विहिरीतलं तिच्यापाशी काहीच नव्हतं.

“अण्णांना विचार,” चाचा म्हणाले.

“ते सांगत नाहीत.”

“विहिरीत एकटेच होते का ते?”

म्हणजे तात्या. तात्यांच्या ओट्यावर ती बैल विकला गेल्यापासून चढली नव्हती. कुणी नको म्हटलं होतं असंही नाही. रस्त्यात भेटले की ते “बरंय का?” म्हणायचे, ही “बरंय” म्हणायची. तेवढंच.

रविवारी ती डिंगोऱ्याला गेली. अण्णा ओट्यावर बसून ठिबकच्या नळ्यांमधली माती काढत होते. मोडलेला पाय नीट बसला नव्हता, तो ते सरळच ठेवून बसत.

“अण्णा, त्या दिवशी विहिरीत तात्या तुम्हाला काय म्हणाले?”

“काय म्हणायचंय? बुडत व्हतो मी. गप्पा मारत व्हतो का?” त्यांनी नळी तोंडाला लावून फुंकली. “तुज्या गोष्टीत घालायचंय व्हय? घाल तुला काय घालायचं ते.”

आईनं, ठकूबाईनं, आतून मान बाहेर काढली, लेकीकडे बघितलं आणि हनुवटीनं शेताच्या पलीकडे, तात्यांच्या वस्तीकडे खूण केली. मग पुन्हा आत गेली.

तात्या आणि झुंबरकाकू कांद्याच्या चाळीपाशी बसून सडके कांदे निवडत होते. हर्षाली बांधावरून येताना दिसली तसे काकूंचे हात थांबले. एक पोतं पसरून “बस” म्हणाल्या. हर्षाली बसली आणि कांदे निवडू लागली. थोडा वेळ तिघंही तेच करत राहिले. मग तिनं सरळ सांगून टाकलं, की मी त्या दिवसाची गोष्ट लिहिते आहे आणि विहिरीत काय झालं ते मला माहीत नाही.

“का? बापानं न्हाई सांगितलं?”

“नाही.”

तात्यांना त्याचं कुठंतरी बरं वाटलं असावं. त्यांनी एक कांदा दाबून बघितला, टाकला.

“दुपारची येळ व्हती,” ते म्हणाले. “गोजरबाईनं आरडा केला. म्हशी घिऊन विहिरीवरनं चालली व्हती ती. मी गेलो पळत. आधी खोपीत जाऊन पेटीतला फ्यूज काढला, मोटार चालू व्हती म्हणून. मग बाभळीला दोर बांधला आन उतरलो. खालच्या पायऱ्या तवा बी ढासळलेल्याच. हा पायपाला धरून. पाय असा वाकडा. आता तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं बघतोय.”

“मग?”

“मग काय? बोलायचं कसं? बोलणं बंद व्हतं ना.”

हर्षालीच्या हातातला कांदा हातातच राहिला.

“मी वर तोंड केलं,” तात्या म्हणाले, “आन वरडलो, गोजरबाई, ह्याला म्हणावं, दुसरा हात माझ्या खांद्यावर टाक. ती बिचारी काठावरनं वरडली, भगवंता, दुसरा हात खांद्यावर टाक रं! त्यानं टाकला. मग हा म्हणतो, गोजरबाई, त्याला सांगा, उजव्या पायाला हात लावू नको, मोडलाय. तिनं मला सांगितलं, दादाभाऊ, उजव्या पायाला हात लावू नको!”

“सगळ्या शिवाराला ऐकू जात व्हतं,” झुंबरकाकू म्हणाल्या. “आमी तिकडून पळत येतोय आन आमाला कळंना, कोण कुणाशी बोलतंय.”

काकू हसल्या. तात्या हसले नाहीत. हर्षालीला हसावं की काय ते कळेना. तिच्या डोळ्यांपुढं ते उभं राहिलं होतं. एकाचा हात दुसऱ्याच्या गळ्यात, तोंडं हातभर अंतरावर, आणि दोघंही वर आभाळाकडे बघून ओरडतायत.

“मग मानसं जमली. बाज सोडली खाली, चार दोर लावून. ह्याला बाजंवर घेतला आन बांधला. घाटाला बैल जुंपायचो तवा जुवाला मारायचो तसली गाठ मारली, ती सुटत न्हाई. त्यानं आधीच कोपर उचललं. त्याला ठावं ना, दोर कुठनं येणार. शर्यतीच्या बारीला बैल आमी दोघंच बांधायचो.” त्यांनी पुढचा कांदा उचलला. “तवा मी म्हणलं, गोजरबाई, ह्याला इचारा, सर्जाला इकताना मला का न्हाई इचारलं.”

“मग?”

“वर गलका चाललेला. ओढा, सावकाश, कड धरा. तिला गेलंच न्हाई ऐकू.”

“आणि अण्णा?”

“तो म्हणला, गोजरबाई, त्याला सांगा, मी शिनोलीला गेल्तो सर्जाला परत आणायला. दोनदा गेलो. त्या मानसानं पुढं इकला व्हता.” तात्यांनी हातातला चांगला कांदा सडक्यांच्या ढिगात टाकला. “आन मग बाज वर गेली.”

हर्षालीनं हे कधीच ऐकलं नव्हतं. अण्णा शिनोलीला गेले होते हे तिला माहीत नव्हतं. आईलाही माहीत नसावं.

“तुम्ही काय म्हणालात, तात्या?”

“मला कुठं म्हणला तो? गोजरबाईला म्हणला.”

“पण तुम्ही ऐकलंत.”

“ऐकलं. पण तिनं मला सांगितलं न्हाई.” मग बराच वेळ कांदे निवडून झाल्यावर ते म्हणाले, “वाटलं, सांगंल कवातरी. म्हशी घिऊन इथनंच जायची रोज. मी काय इचारलं न्हाई. मग वारलीच ती.”

काकूंनी उगाच पदरानं तोंड पुसलं. तात्या उठले आणि निवडलेल्या कांद्यांचं घमेलं उचलून चाळीमागे गेले. घमेलं निम्मंसुद्धा भरलं नव्हतं.

सोमवारी डब्याच्या वेळेला हर्षाली लिहायला बसली, आणि या खेपेला तिला सुरुवात शोधावी लागली नाही. ‘“गोजरबाई, ह्याला म्हणावं, दुसरा हात माझ्या खांद्यावर टाक!” थोरला विहिरीतून ओरडला. धाकटा त्याच्यापासून हातभरावर, गळ्याएवढ्या पाण्यात मोटारीचा पायप धरून होता.’ एवढ्यात सगळं आलं. कोण, कुठं, काय अडकलंय. आणि हातभरावरच्या माणसाला निरोप काठावरून का धाडतोय, हा प्रश्न वाचक स्वतःच विचारणार होता. तिला तो विचारावा लागला नाही. शर्यती आणायला बाजेची गाठ होती. धाकट्यानं न सांगता कोपर उचललं, एवढ्यात दोघांनी एकत्र जुंपलेले सगळे बैल आले. आणि सर्जाचं नाव पहिल्यांदा आलं ते वर गलका चालला असताना, एकाच वाक्यात. सहा पानांतलं बाकी काही लागलंच नाही. तिला त्याचं वाईट वाटलं. आजोबा बैलाला पहाटे अंडी-दूध पाजायचे, तो परिच्छेद तिचा फार आवडता होता. तिनं तो एकदा घालून बघितला. बाज अर्ध्यावर लटकून राहिली. तिनं तो काढला.

शनिवारी चाचांनी मधे कुठंही न थांबता वाचलं. झेबा त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. तिसऱ्या पानावर चाचांचं बोट क्षणभर एका ओळीवर टेकलं. बंदी कधी आली, कधी उठली, हे तिनं तिथं समजावून सांगितलं होतं.

“हे?”

“बाहेरगावच्या वाचकाला कळायला नको का?”

“‘शर्यती बंद होत्या, बैल दावणीला उभा राहून खात होता.’ एवढं पुरतं का बघ. धाकट्यानं का विकला, तेही त्यातच येईल. काठावरच्या कुणाच्या तरी तोंडी दे.”

तिनं तिथल्या तिथं खोडलं आणि लिहिलं. मग चाचांनी शेवटचं पान उलटं केलं. पहिल्या खर्ड्यांत दोघं भाऊ विहिरीच्या काठावर गळ्यात पडून रडायचे. आता बाज वर जात होती, थोरला खाली पाण्यात उभा होता, आणि कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

“रडणं काढलंस.”

“ते झालंच नव्हतं.”

“छापतो मी,” चाचा म्हणाले. “पण आधी घरी वाचून दाखव. भावांची नावं नसली तरी गाव ओळखेल. त्यांना चालत असेल तर.”

दुसऱ्या दिवशी तिनं ओट्यावर बसून अण्णांना वाचून दाखवलं. अण्णा नळ्या साफ करता करता ऐकत होते. गोजरबाईचं पहिलं वाक्य आलं तसे त्यांचे हात थांबले. पुढं त्यांनी एकदाच “हं” केलं, कोपराच्या जागी. शिनोलीचं वाक्य तिनं वाचलं आणि ते एकदम म्हणाले,

“हे तुला कुणी सांगितलं?”

“तात्यांनी.”

“दादानं?” ते तिच्याकडे बघत राहिले. “त्याला ऐकू गेल्तं?”

“गेलं होतं.”

“मला वाटलं, ऐकूच गेलं न्हाई. एवढा गलका. तो काय बोललाच न्हाई त्यावर, म्हणून मी म्हणलं…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. ठकूबाई दारात येऊन उभी होती. “तुमी शिनोलीला गेल्ता?” ती म्हणाली. खांबाला धरून अण्णा उठले, चपला पायांत सरकवल्या. “कागद घे ते,” ते हर्षालीला म्हणाले.

बांधावरून जायला त्यांना वेळ लागला. हर्षाली मागे चालत होती. चाळीपाशी तात्या बसलेलेच होते. अण्णा त्यांच्यासमोर पोत्यावर बसले, पाय सरळ ठेवून. तात्यांनी मान वर केली, परत खाली घातली.

“वाच,” अण्णा तिला म्हणाले.

ती उभ्या उभ्या वाचू लागली. पहिलं वाक्य झालं. दुसरं वाक्य झालं आणि तात्या म्हणाले, “गळ्याएवढं न्हाई. छातीएवढं व्हतं पाणी.” हे ते हर्षालीला म्हणाले.

अण्णांनी झुंबरकाकूंकडे तोंड केलं. “वयनी, ह्याला सांगा, गळ्याएवढं व्हतं.”

झुंबरकाकूंनी हातातली टोपली खाली ठेवली. “मी काय सांगणार न्हाई,” त्या म्हणाल्या. “समोर बसलाय तुमच्या. आन मला गोजरबाईवानी वरडता बी येत न्हाई.”

चाळीखालून कोंबडी निघून गेली. हर्षालीला वाटलं, आता अण्णा उठणार आणि आल्या वाटेनं परत जाणार. त्यांनी पाय हलवलाही. मग ते कांद्यांच्या ढिगाकडे बघत म्हणाले,

“गळ्याएवढं व्हतं.”

“छातीएवढं,” तात्या म्हणाले. “मी उभा व्हतो त्यात.”

“तू कपारीवर उभा व्हतास. मी खाली व्हतो. मला पाय टेकत न्हवता.”

“पाय मोडला व्हता म्हणून टेकत न्हवता.”

“दुसरा व्हता की चांगला!”

आवाज चढले. हर्षाली हातात कागद धरून तशीच उभी राहिली. पुढचं वाच असं तिला कुणीच म्हणालं नाही. काही वेळानं तात्यांनी, मघाशी पाण्याबद्दल बोलत होते त्याच आवाजात, विचारलं, “शिनोलीला कुणाकडं गेल्तास?”

अण्णा सांगू लागले. घोडेगावला गाडी बदलावी लागली, तो माणूस पहिल्या खेपेला घरीच नव्हता, दुसऱ्या खेपेला भेटला पण सर्जा दावणीला नव्हता. कुठं दिला ते त्यानं नीट सांगितलं नाही. “तुला सांगाया कसं यायचं?” ते म्हणाले. “रिकाम्या हातानं?” तात्या ऐकत होते. त्यांनी बैल परत मागितला नाही, की झालं गेलं असंही काही म्हटलं नाही. “इचारायचं तरी मला,” एवढंच म्हणाले. अण्णा म्हणाले, “व्हय. इचारायला पायजे व्हतं.”

कथा पुढे दिवाळी अंकात आली, विहिरीच्या तळाशीच संपणारी. या दुपारचं त्यात घालू का, असं हर्षालीनं फोनवर विचारलं तेव्हा वलीचाचा म्हणाले, “नको, ती वेगळी आहे. ती लिहायची तर नव्यानं लिही.” पाण्याचं काय करायचं तेवढं मात्र ठरलं नाही, झेबानं शेवटी गळ्याएवढंच ठेवलं.

पण ते नंतर. त्या दुपारी झुंबरकाकू हर्षालीला म्हणाल्या, “चा टाक जा. मी हितं बसते, न्हाईतर पुन्हा गप बसायची दोघं.”

हर्षाली आत गेली. स्वयंपाकघर बदललं होतं. चुलीच्या जागी ओटा आला होता, भिंतीला नवी फळी होती आणि फळीवर एकसारखे स्टीलचे डबे. तिनं एक उघडला, त्यात तांदूळ. दुसऱ्यात डाळ. बाहेरून अण्णांचा आवाज येत होता, मग तात्यांचा, मग पुन्हा अण्णांचा.

“काकू, साखर कुठंय?” तिनं विचारलं.

कुणी ऐकलं नाही. ती पुढचा डबा उघडून बघू लागली.